एका ओळीतील अलंकार : एक परीक्षण

दहावीच्या इंग्रजीच्या अभ्यासात एक लहानसा प्रश्न हटकून असतो. एक ओळ दिलेली असते आणि तिच्यातील अलंकाराचे नाव विद्यार्थ्याने लिहायचे असते. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती आणि ऑक्सिमोरॉन म्हणजे विरोधाभास, अशी पाच नावे मुले मराठी प्रतिशब्दांसह पाठ करतात. जोयडा तालुक्यातील आमच्या मुलांची घरची बोली कोंकणी, शाळेची भाषा कन्नड किंवा मराठी आणि परीक्षेतली एक भाषा इंग्रजी. त्यामुळे हा प्रश्न सोडविताना ती तीन भाषांच्या उंबरठ्यांवरून ये-जा करीत असतात. वसतिगृहातील संध्याकाळच्या अभ्यासाला धर्मगुरू किंवा धर्मशिक्षकच पुष्कळदा बसलेला असतो. म्हणून या प्रश्नाचे परीक्षण आपल्या पत्रिकेत करणे अस्थानी ठरणार नाही.

निमित्त घडले ते असे. एका मार्गदर्शक पुस्तिकेतील दहा ओळी मुले सोडवीत होती. त्यांतील एक ओळ होती, 'अवर ओल्ड हाउस इज अंडर वॉटर', म्हणजे आमचे जुने घर पाण्याखाली आहे. पुस्तिकेच्या शेवटी दिलेले उत्तर होते हायपरबोली. एका मुलाने मात्र लिहिले होते, 'अलंकार नाही'. मी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "फादर, आमचं घर खरंच पाण्याखाली आहे. सुप्याला होतं ना!" काळी नदीवरील सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले आणि जुने सुपा गाव जलाशयात गेले. पूर्वी हा तालुकादेखील सुपा याच नावाने ओळखला जात असे. आजोबांच्या तोंडून त्या मुलाने ऐकलेले वाक्य पुस्तिकेतील ओळीशी शब्दशः जुळत होते. मग चूक कोणाची? मुलाची, पुस्तिकेची, की प्रश्नाची?

माझे मत असे की चूक प्रश्नाची आहे. परंतु ती सर्व अलंकारांच्या बाबतीत सारखी नाही. काही अलंकार एका ओळीत पूर्णपणे सापडतात, काही अर्धवट सापडतात, आणि काहींचा निर्णय ओळीबाहेर गेल्याशिवाय करताच येत नाही. त्याच क्रमाने आपण त्यांच्याकडे पाहू.

१. ओळीत सापडणारे : उपमा आणि ऑक्सिमोरॉन

उपमेची खूण ओळीतच असते. 'द लेक इज लाइक अ मिरर', म्हणजे तळे आरशासारखे आहे, या ओळीत 'लाइक' हा शब्द साधर्म्य उघडपणे सांगतो. बोलणारा कोण आणि तळे कोणते, हे ठाऊक नसले तरी उत्तर बदलत नाही. परंतु येथेही एक खळगा आहे. मुले 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' हा शब्द दिसताच उपमा लिहून मोकळी होतात. 'आय लाइक जॅकफ्रूट' यात आवड आहे, तुलना नाही. 'ही वर्क्स अ‍ॅज अ ड्रायव्हर' यात व्यवसाय सांगितला आहे. आणि 'शी सिंग्ज लाइक हर मदर', ती आईसारखी गाते, यात तुलना असूनही अलंकार नाही. कारण गाणाऱ्या बाईची तुलना गाणाऱ्या बाईशीच केली आहे. उपमेला दोन भिन्न जातींच्या वस्तू लागतात. तळे आणि आरसा या दोन जाती आहेत. आई आणि मुलगी ही एकच जात आहे. म्हणून शब्दावर बोट ठेवल्यावर 'या दोन वस्तू वेगळ्या जातीच्या आहेत काय?' हा दुसरा प्रश्न मुलाला विचारावयास शिकविले पाहिजे.

मराठीतून आलेल्या मुलाची आणखी एक अडचण होते. 'द फॉग केम डाउन अ‍ॅज इफ समवन हॅड स्प्रेड अ ब्लँकेट', कोणी जणू कांबळे अंथरावे तसे धुके उतरले, ही ओळ मराठीच्या तासाला आली असती तर 'जणू'मुळे मुलाने उत्प्रेक्षा लिहिले असते, आणि ते बरोबर ठरले असते. इंग्रजीच्या शालेय वर्गीकरणात उत्प्रेक्षेचे निराळे घर नाही. 'अ‍ॅज इफ'ची वाक्ये तेथे बहुधा सिमिलीतच बसवितात. मराठीतील दोन खोल्या इंग्रजीत एकच आहेत, एवढे सांगितले की मुलाचा गोंधळ मिटतो.

ऑक्सिमोरॉनचेही तसेच. हा मूळ ग्रीक शब्द 'तीक्ष्ण' आणि 'बोथट' किंवा 'मूढ' अशा दोन शब्दांचा बनला आहे. म्हणजे त्याचे नावच त्याचे उदाहरण आहे. 'देअर वॉज अ लाउड सायलेन्स इन द रूम' या ओळीत मोठा आवाज आणि शांतता हे दोन शब्द एकमेकांना खेटून उभे आहेत. निर्णयाला तेवढे पुरे. मात्र आपला 'विरोधाभास' हा प्रतिशब्द ऑक्सिमोरॉनपेक्षा पुष्कळ मोठा आहे. 'द मोअर ही गेव्ह, द रिचर ही बिकेम', जसजसे त्याने दिले तसतसा तो श्रीमंत झाला, हाही मराठीत विरोधाभासच होय. पण इंग्रजीत याला ऑक्सिमोरॉन म्हणत नाहीत, पॅरडॉक्स म्हणतात, कारण येथे विरोध दोन जोडशब्दांत नसून संपूर्ण विधानात पसरला आहे. मराठी प्रतिशब्दावर विसंबलेला मुलगा येथे गुण गमावतो, आणि आपण काय चुकलो हे त्याला कळतही नाही.

एका ओळीत एकच अलंकार असतो, ही समजूतही सोडली पाहिजे. पेत्राच्या पहिल्या पत्रात, २:५ येथे, विश्वासणाऱ्यांना जिवंत धोंड्यांची उपमा दिली आहे. तेथे तुलनावाचक शब्द आहे, म्हणून उपमा. आणि धोंडा जिवंत म्हटला आहे, म्हणून दोन शब्दांपुरता ऑक्सिमोरॉनही. उपमेने आपल्याला मंदिराच्या भिंतीत बसविले आणि ऑक्सिमोरॉनने त्या भिंतीत प्राण घातला. यांपैकी एकच नाव लिहा असे सांगितले, तर अर्धा अर्थ बाहेर राहतो.

२. अर्धवट सापडणारी : चेतनगुणोक्ती

निर्जीवाला माणसाचे गुण देणे म्हणजे पर्सॉनिफिकेशन, एवढी व्याख्या मुलांना येते. 'द रिव्हर रिमेम्बर्स अवर व्हिलेज', नदीला आमचे गाव आठवते, येथे ती व्याख्या तंतोतंत लागू पडते, कारण आठवणे हे माणसाचे काम आहे. पण 'द रिव्हर रन्स पास्ट द व्हिलेज' या ओळीपुढेही मुले तेच नाव लिहितात. कारण उघड आहे. मुलाने 'रन' शब्दाचा पहिला अर्थ 'धावणे' असा शिकला आहे, आणि नदी धावते म्हटले की त्याला ती पाय असलेली दिसते. इंग्रजीत मात्र पाण्याच्या बाबतीत 'रन' हा शब्द 'वाहणे' या अर्थी अगदी रोजचा आहे. इंग्रज माणसाला त्यात चित्र दिसत नाही. आपल्याला 'रस्ता गावाला जातो' म्हणताना रस्ता चालताना दिसत नाही, तसेच. येथे अलंकार ओळीत नसून भाषांतरात जन्मला. म्हणून येथे ओळीबरोबर शब्दकोशही हवा. ते क्रियापद त्या वस्तूसाठी त्या भाषेत नेहमीचेच असेल, तर अलंकार मेलेला आहे असे समजावे.

दुसरा भेद अधिक सूक्ष्म आहे. 'द विंड हाउल्ड ऑल नाइट', वारा रात्रभर विव्हळत, कोल्ह्यासारखा ओरडत राहिला. आपल्या 'चेतनगुणोक्ती'त 'चेतन' हा शब्द आहे. सजीवाचा कोणताही गुण त्यात बसतो, आणि कोल्हाही चेतनच आहे. इंग्रजी नावात मात्र 'पर्सन' म्हणजे व्यक्ती आहे. काटेकोरपणे पाहिले तर वाऱ्याला पशूचे ओरडणे देणे हे मेटाफर ठरते. इंग्रजीची अनेक शालेय पुस्तके याबाबत सैल असतात आणि दोन्ही उत्तरे चालवून घेतात; परंतु शिकविणाऱ्याला फरक ठाऊक असावा. मुलाचे उत्तर मराठीच्या नियमाने बरोबर असते, तेव्हा त्याला 'तुला येत नाही' असे म्हणणे अन्यायाचे होय.

३. माणूस ठाऊक असावा लागतो : रूपक

'ही इज अ टायगर', तो वाघ आहे. पुस्तिकेत याचे उत्तर मेटाफर, आणि ते बहुधा बरोबरच असते. पण 'ही' कोण? आमच्या तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात येतो. वनरक्षकाने छायाचित्रात उमटलेल्या एका पट्टेदार आकृतीकडे बोट दाखवून हेच वाक्य म्हटले, तर ते साधे विधान होते. 'अ टायगर केम टु द स्कूल लास्ट नाइट' या ओळीत तर प्रश्न अधिकच अवघड होतो. आलेला तो खरा वाघ, की कडक तपासणी अधिकारी?

अरिस्टॉटलने आपल्या 'रेटॉरिक' ग्रंथाच्या तिसऱ्या भागात उपमा आणि रूपक यांतील अंतर थोडेच आहे असे म्हटले आहे. वीर सिंहासारखा धावला म्हटले तर उपमा, आणि वीराला उद्देशून सिंह धावला म्हटले तर रूपक. लक्षात घ्यावे की त्याच्या रूपकाच्या उदाहरणात वीराचे नाव नाहीसे झाले आहे. आपल्या रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही शेजारी असतात. मुख हेच कमल, असे. उपमेय सर्वस्वी गिळले जाऊन उपमानच उरले, तर मम्मटासारखे संस्कृत काव्यशास्त्रकार त्याला अतिशयोक्तीचा एक प्रकार मानतात. इंग्रजीत दोन्ही मेटाफरच. म्हणून ज्याने जुने अलंकारशास्त्र वाचले आहे, अशा मराठी शिक्षकाने 'सिंह धावला' येथे अतिशयोक्ती म्हटले, तर तो चुकत नाही. पण मुलाने तिचे भाषांतर हायपरबोली असे केले, की ते चुकते. शालेय मराठीने अतिशयोक्तीचा अर्थ 'वाढवून सांगणे' एवढाच ठेवला आहे, आणि हायपरबोली त्या अर्थाशी जुळते.

उपमा आणि रूपक यांचे कार्य निराळे कसे होते, हे पाहावयास पवित्र शास्त्रातील एक जोडी चांगली आहे. मत्तय २३:२७ येथे शास्त्री व परूशी यांना चुना लावलेल्या कबरांसारखे म्हटले आहे. ही उपमा आहे, आणि तिच्यामागोमाग बाहेरून शुभ्र व आतून अमंगल असा खुलासाही दिला आहे. प्रेषितांची कृत्ये २३:३ येथे पौल प्रमुख याजकाला चुना लावलेली भिंत म्हणूनच हाक मारतो. 'सारखी' हा शब्द नाही, खुलाशाची उसंत नाही. उपमा शिकविते, रूपक आघात करते. पण पौलासमोर कोण उभा होता आणि त्याने आत्ताच कोणता हुकूम दिला, हे आधीच्या वचनात आहे. ती ओळ एकटी उचलली, तर कोणा गवंड्याचे बोलणे वाटावे!

४. वस्तुस्थिती ठाऊक असावी लागते : अतिशयोक्ती

हायपरबोलीची खूण ओळीत कधीच नसते. ती ओळ आणि वस्तुस्थिती यांच्यामधल्या अंतरात असते. 'इट रेन्ड फॉर फोर मन्थ्स', चार महिने पाऊस पडला. वाळवंटी मुलखातील परीक्षकाला ही अतिशयोक्ती वाटेल. जून ते सप्टेंबर जोयड्यात काढणाऱ्याला ती नुसती माहिती आहे. ज्याला वस्तुस्थिती ठाऊक नाही, त्याला अतिशयोक्ती ओळखता येत नाही. बोलणारा वाढवून सांगतो, आणि वाढविले आहे हे ऐकणाऱ्याला कळेल असे धरून चालतो. ती समजूत दोघांत नसेल, तर तेच वाक्य एकाच्या दृष्टीने असत्य आणि दुसऱ्याच्या दृष्टीने बातमी ठरते.

आता पाण्याखालच्या घराकडे पुन्हा वळू. हीच ओळ सुप्याच्या विस्थापिताने उच्चारली तर अलंकार नाही. अंगणात घोटाभर पाणी साचलेल्या माणसाने उच्चारली तर हायपरबोली. आणि घरावरील कर्ज घराच्या किमतीहून अधिक झालेल्या माणसाविषयी इंग्रजीत पाण्याखाली असल्याची भाषा रूढ आहे. त्या अर्थी ते मेटाफर. ओळ एक, उत्तरे तीन, आणि तिन्ही बरोबर. पुस्तिकेने एकच छापले आणि ज्याचे घर खरोखर बुडाले त्याच्या उत्तरावर फुली मारली. शब्दशः सत्य सांगणाऱ्याला 'तू वाढवून सांगतोस' असे म्हणणे ही केवळ व्याकरणातील चूक राहत नाही.

५. हा प्रश्न आपल्याला का शिवतो

काही आठवड्यांनी तोच मुलगा लूक १४:२६ वाचून माझ्याकडे आला. शिष्य होऊ इच्छिणाऱ्याने आईबापांचा द्वेष करावा, असे तेथे शब्दशः आहे. "फादर, आईचा द्वेष करायचा?" त्याने विचारले. त्याला पाचही अलंकारांची नावे पाठ होती; परंतु त्या एका ओळीत त्याला एकही खूण सापडेना. सापडणारही नव्हती. आम्ही दोघांनी ओळीबाहेर पाहिले.

पहिल्याने मत्तय १०:३७ काढले. तेथे तीच शिकवण 'माझ्याहून अधिक प्रीती करणे' अशा शब्दांत आहे. मग उत्पत्ती २९ पाहिले. तिसाव्या वचनात याकोबाने लेआपेक्षा राहेलवर अधिक प्रीती केली असे आहे, आणि लगेच एकतिसाव्यात लेआ द्वेषिली गेली असे म्हटले आहे. म्हणजे इब्री वळणात 'द्वेष' हा शब्द 'कमी प्रीती' या अर्थीही येतो. शेवटी मार्क ७:९-१३ वाचले. देवाला अर्पण केल्याची सबब सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना प्रभूने तेथे कठोरपणे दोष दिला आहे. याला अतिशयोक्ती म्हणावे की इब्री वाक्प्रचार, याविषयी मतभेद होऊ शकतो. पण मुलाच्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही मार्गांनी एकच येते. ते उत्तर ओळीने दिले नाही. ओळीच्या भोवतालाने दिले.

याच्या उलट धोकाही सांगितला पाहिजे. अलंकाराचे नाव मिळाले की वचनाची धार गेली, असे आपण प्रवचनात पुष्कळदा वागतो. उंट आणि सुईचे नाक हे मार्क १०:२५ चे वचन घ्या. यरुशलेमेत त्या नावाचा एक ठेंगणा दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून त्यातून जाई, अशी गोष्ट आपण ऐकतो व सांगतोही. ती मध्ययुगात पुढे आली. पहिल्या शतकातील तिला आधार मिळत नाही. अतिशयोक्ती पचत नाही म्हणून दरवाजा बांधला गेला! पुढच्याच वचनात शिष्य अत्यंत थक्क झाले असे आहे. गुडघे टेकून पार होता येणारा दरवाजा असता, तर ते थक्क का झाले असते? अतिशयोक्ती आकार वाढविते, दिशा बदलीत नाही. श्रीमंताचा प्रवेश कठीण आहे हे तिचे म्हणणे अलंकाराचे नाव दिल्यावरही तसेच उभे राहते.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. उपमा आणि ऑक्सिमोरॉन एका ओळीवर खुशाल विचारावेत. चेतनगुणोक्तीसाठी क्रियापदाचा रूढ अर्थ आधी शिकवावा. रूपक आणि अतिशयोक्ती विचारताना ओळ कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी बोलला, एवढे एक वाक्य वर द्यावे आणि उत्तराखाली कारण लिहावयास सांगावे. प्रश्नपत्रिका आपल्या हाती नाही. वसतिगृहातील वही आहे. मंडळाच्या परीक्षेत मुलाने अपेक्षित उत्तर लिहावे हे मी त्या मुलाला सांगितलेच, कारण त्याचे गुण बुडविण्याचा मला अधिकार नाही. पण त्याच्या वहीतील फुली खोडून मी त्यापुढे बरोबरची खूण केली, आणि समासात लिहिले, 'बोलणारा सुप्याचा असल्यास'.